फोटोत फक्त बूट आहेत

या फोटोत मी नाही, माझे वॉकिंगचे बूट आहेत. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने पार गुळगुळीत झाली, अंगठ्यापाशी जाळी फाटून मोजा दिसून राहिला, आणि आमच्या गल्लीत सिमेंट रोडचं काम चाललं होतं ना, तेव्हाची पांढरट पूड अजून सोलच्या खाचांत बसलेली आहे. काल नवीन जोड आणला म्हणून हे धुऊन पायरीवर वाळत टाकले होते, आणि फोटो काढावासा वाटला.

बऱ्याच जणी विचारून राहिल्या, वजन कमी करायला काय केलं, कोणता डाएट, किती महिन्यात, आधीचा आणि आताचा फोटो टाक ना. एकेकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच सगळं लिहिते.

मागच्या वर्षी जानेवारीत रुटीन रिपोर्ट काढले तर एचबीएवनसी 6.2 आली. डॉक्टर म्हणाल्या बॉर्डरवर आहे, 5.7 ते 6.4 म्हणजे डायबिटीसच्या दारात उभं राहणं, अजून आत गेली नाहीस, गोळी आत्ताच नको, पण रोजचं वागणं बदल आणि 3 महिन्यांनी परत टेस्ट कर. 3 महिनेच का तर ती टेस्ट साधारण तेवढ्या दिवसांची सरासरी साखर दाखवते, आठवडाभर गोड सोडून रिपोर्ट चांगला आणता येत नाही. माझ्या बाबांची पायाची जखम कशी महिनोन्महिने भरत नव्हती ते मी जवळून पाहिलंय, त्या दिवशी मी दवाखान्यातून निघाली आणि बराच वेळ गाडीला किक मारलीच नाही, नुसती उभी राहिली.

सुरुवात चहापासून केली कारण माझा सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होता. दिवसाचे 4 कप, प्रत्येकात 2 चमचे साखर, म्हणजे 8 चमचे नुसत्या चहात आणि मी म्हणायची मी गोड खातच नाही. एकदम बंद केलं असतं तर चौथ्या दिवशी परत सुरू झालं असतं, म्हणून दर 15 दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. दीड चमच्यावर आली तेव्हा फरकच कळला नाही, एकवर आली तेव्हा दोनचार दिवस चहा फिका लागला, मग जीभ सवयीची झाली. आता 2 कप, बिनसाखरेचा, आणि त्यात आल्याची खरी चव लागते जी आधी साखरेखाली कळतच नव्हती.

दुसरं चालणं. सकाळी उठून फुटाळ्याला जाणं वगैरे मला जमणार नव्हतं, डबे असतात, पाणी असतं, मुलाची क्लास असते. म्हणून ऑफिसच्या वाटेतच बसवलं. सुभाष नगरहून मेट्रोत बसते आणि बर्डीच्या एक स्टेशन आधी, झांशी राणी चौकात उतरते, तिथून पायी. परतताना बर्डी स्टेशनला सरकता जिना सोडून साधा जिना. पहिल्या आठवड्यात अर्ध्यावर थांबून दम घ्यावा लागायचा, रेलिंग धरून उभी राहायची. आता पिशवीत भाजी असली तरी एका दमात चढते, आणि खरं सांगू का, वजनकाट्यापेक्षा मला त्या जिन्याचा आनंद जास्त आहे.

रात्री जेवण झालं की 15 मिनिटं गल्लीत. शेजारच्या वहिनी सोबत असतात. जेवल्यावर थोडं चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरचं थोडंसं चालणंही कामाचं आहे, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण रोज व्हायचं ते वहिनींमुळे. मी आळस केला की गेटची कडी वाजवायच्या, "चल बाप्पा, काहून बसून राहिली". त्यांच्याशिवाय हे बूट इतके झिजले नसते. मे महिन्यात नवतपा लागला, दिवसा 45 च्या आसपास, रात्री 10 वाजतासुद्धा रोडमधून वाफा येत होत्या, तेव्हा आम्ही चालण्याची वेळ बदलून पहाटे सव्वापाच केली, पावसात जिन्याखालच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या. काही दिवस नाहीच झालं, तेही लिहून टाकते.

जेवण तेच आहे, घरातलं. वरण भात पोळी भाजी. फक्त ताटात आधी काकडी-गाजर आणि एक वाटी मुगाची नाहीतर मटकीची उसळ, भात अर्धा, आठवड्यात चार रात्री ज्वारीची भाकर. आमच्याकडे चौघांत महिन्याला 5 लिटरचा तेलाचा डबा लागायचा, फोडणी मी बाटलीतून अंदाजे ओतायची, आता चमच्याने घालते तर साडेतीनच्या आत भागते आणि घरच्यांना भाजीत काही कमी वाटलं नाही. रविवारी तर्री पोहे खातेच, एक प्लेट, चणे जास्त मागून घेते. मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत पुरणपोळी तूप घालून खाल्ली, आंबील प्यायली, काटा सव्वा किलो वर गेला, आणि दोन आठवड्यात आपोआप खाली आला. आता पोळा आला, तेव्हाही पुरण होईल.

किती कमी झालं विचारता तर महिन्याला सरासरी अर्धा किलो, 19 महिन्यात साडेनऊ. मध्ये अडीच महिने काटा हललाच नाही पण तेव्हाच कंबरेचा टेप कमी दाखवून राहिला होता, म्हणून फक्त काट्यावर जाऊ नका. एचबीएवनसी शेवटची 5.6 आहे. प्रत्येकीचं शरीर वेगळं, थायरॉइड असेल, गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, माझं बघून काही बंद करू नका. मी 6 वर्षांपूर्वी एका ठिकाणी महिन्यात 10 किलोचं पॅकेज घेतलं होतं, दोन वेळ पावडर आणि एक वेळ जेवण. वजन उतरलं, केस मुठीने गळले, चक्कर यायची, आणि वर्षभरात वजन परत आलं वर 3 किलो जास्त. म्हणून घाईची मला आता भीती वाटते.

आणि आधीचा फोटो टाकणार नाही. तो आहे माझ्याकडे, भाच्याच्या लग्नातला, जांभळी पैठणी. त्याच वर्षी आईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, मी 5 महिने त्यांच्या पलंगाशेजारी खुर्चीत झोपली, रात्री दीड वाजता चहा-टोस्ट खाऊन परत औषधाची वेळ बघायची. वजन तेव्हाच वाढलं. आई आज काठी न घेता देवघरापर्यंत जातात. तो फोटो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहे, त्यातली मी मला आवडते, तिला मी इथे आणून "बघा कशी होती" म्हणून उभी करणार नाही.

जुने बूट हे फेकून दे म्हणाले. मी पार्किंगच्या कपाटात ठेवले, पावसाळाभर फेऱ्यांसाठी चालतील. वहिनींना पण नवीन जोड घ्यायचा आहे, शनिवारी आम्ही दोघी बर्डीला जाऊन राहिलो.