मुख्याध्यापिका मॅडमसमोर हजेरी अ‍ॅपचा डेमो : १२ मिनिटांची संहिता

शाळा सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे, अनुदानित, ५वी ते १०वी, पट ६४२. वेळ बुधवारी दुपारी ३. दोन साधे फोन न्यायचे, पूर्ण चार्ज करून. लॅपटॉप नको, तो उघडला की समोरच्याला परीक्षकासारखं बसावं लागतं. नमुना वर्गातली नावं बनावटच ठेवायची.

सुरुवात

"नमस्कार मॅडम. फोन काढायच्या आधी तुमच्या एखाद्या वर्गाचा हजेरीपट बघू का?"

(महिनाअखेरचा गोषवारा उघड. मुलं, मुली, प्रवर्ग, कामाचे दिवस, सरासरी. खाडाखोड दिसेल, तिच्यावर बोट ठेवू नकोस. बाईंनी घरी बसून जुळवलेले आकडे आहेत ते.)

"हा गोषवारा करायला वर्गशिक्षकांना किती वेळ लागतो?"

(गप्प बस. उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ दे.)

फोन त्यांच्या हातात

"हा फोन तुम्हीच धरा. ७वी ब, ४८ मुलं. उघडताना सगळी हजर दिसतात. आली नाहीत तेवढ्याच नावांवर बोट ठेवा. ४, १७, ३१. आता 'जतन करा'."

(पडद्यावर ४५ येईल. दुसरा फोन टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेव.)

"हा पालकांचा फोन समजा. शाळा ११ ला भरते, निरोप साडेअकराला जातो. मधल्या अर्ध्या तासात उशिरा आलेल्या मुलाची खूण बदलता येते."

(डेमोत निरोप लगेच वाजेल. मोठ्याने वाच : "आपली मुलगी आज शाळेत आलेली नाही. कृपया वर्गशिक्षकांशी बोला.")

"मॅडम, अ‍ॅप बनवलं ते या एका निरोपासाठी. आई घरी विड्या वळत बसलेली, वडील कारखान्यात. दोघांनाही वाटतं पोरगी वर्गात आहे. ती पोचली नसेल, तर त्यांना संध्याकाळी साडेपाचला कळून काय उपयोग?"

इथे घाई नको. बाकीचं सगळं चटकन सांगून होतं : ५वी ते ८वीचा आकडा पोषण आहारासाठी वेगळा निघतो, दहावीत कुणी ७५ टक्क्यांच्या जवळ घसरलं की नाव आधीच वर येतं, फॉर्म भरताना धावपळ होत नाही.

त्या काय म्हणतील

"आमच्या शिक्षकांना आधीच ऑनलाइन कामं कमी आहेत का?"
हे खरं आहे, वाद घालू नकोस. "बरोबर आहे मॅडम. म्हणून महिनाअखेरचा गोषवारा अ‍ॅपच काढून देतं. शिक्षकांचं एक काम कमी होत नसेल, तर तुम्ही हे घेऊ नका."

"हजेरीपट तर ठेवावाच लागतो."
"ठेवाच. तपासणीला तोच दाखवायचा. पहिला महिना दोन्ही चालू द्या, आकडे जुळतात का बघा."

"वर्गात रेंज येत नाही."
(बोलू नकोस. फोनचं नेट बंद करून त्यांनाच हजेरी घ्यायला लाव. मग नेट चालू कर, आकडा वर जाताना दिसेल.) "निरोप मात्र नेट आल्यावरच जाईल, हे आधीच सांगतो."

"आमच्या निम्म्या पालकांना मराठी वाचता येत नाही."
पूर्व भागातल्या शाळेत हा प्रश्न येणारच. "प्रत्येक पालकापुढे भाषा निवडता येते : मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. वाचता येत नसेल तर फोन जाऊन निरोप ऐकू येतो." तेलुगूतला निरोप लगेच ऐकव.

"नंबर बदलतात, रिचार्ज संपलेला असतो."
"न पोचलेल्या निरोपांची यादी दुपारी १२ ला तुमच्याकडे येते. त्या घरांना शिपाईमामांकरवी नाही तर शेजाऱ्यांकरवी कळवावं लागेल. ते काम अ‍ॅप करू शकत नाही."

"मुलांची माहिती बाहेर गेली तर?"
"नाव, मुलगा की मुलगी, हजेरी क्रमांक, पालकांचा एक नंबर आणि भाषा. आधार नाही, फोटो नाही, जात नाही; गोषवाऱ्यातला प्रवर्गाचा रकाना शिक्षक हाताने भरतील. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. संमतीपत्र मराठीत तयार आहे, पालकसभेत वाचून दाखवू."

"गड्ड्याच्या यात्रेत निम्मा वर्ग नसतो, तेव्हा सगळ्यांना निरोप?"
"त्या दिवसांपुरते निरोप थांबवता येतात, हजेरी नोंदत राहते." याला जोडूनच सांग : उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की निरोपाची वेळ बदलावी लागते. एका शाळेत ती बदलायची राहिली, नि मुलं घरी जायच्या बेतात असताना निरोप गेले. चूक आपली होती. आता वेळापत्रक बदललं की अ‍ॅप आपणहून विचारतं.

"पैसे?"
"वर्षाला १२,००० रुपये, निरोपांसह. पहिला महिना काही नाही. पालकांकडून गोळा करू नका, ही आमची विनंती आहे."

शेवट

"दोन तुकड्यांवर एक महिना करून बघू. एक अशी द्या, जिथले शिक्षक फोन सहज वापरतात. दुसरी अशी, जिथले शिक्षक याला नकोच म्हणतील. कुठल्या देता?"

(नावं वहीत लिहून घे, आणि परवानगी घेऊन त्या दुसऱ्या शिक्षकांना त्याच दिवशी स्टाफरूममध्ये भेटून ये.)