विषय : स्टाफ नर्स पदाची थेट मुलाखत, मंगळवार, १८ नोव्हेंबर : उपस्थितीची खात्री व काही शंका

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

महोदय,

स्टाफ नर्स (जीएनएम) पदाच्या थेट मुलाखतीबद्दलचा आपला ई-मेल काल मिळाला. मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर रोजी मी मुलाखतीला नक्की येत आहे.

मी राधानगरीहून एसटीने येणार असल्यामुळे ठिकाण आणि वेळ आधीच विचारून घेते. जाहिरातीत मुख्य इमारतीचा तिसरा मजला दिला आहे, तर ई-मेलमध्ये ताराबाई पार्कमधील नर्सिंग स्कूलचा हॉल. मी ताराबाई पार्कलाच यायचे, असे धरून चालले आहे. तसेच नावनोंदणी ९ ते ११ असल्याचे लिहिले आहे. ११ पर्यंत नोंद झालेल्या सर्वांची मुलाखत त्याच दिवशी होईल का, की टोकन ठरावीकच आहेत? तसे असेल तर मी आदल्या दिवशीच कोल्हापुरात बहिणीकडे मुक्कामाला येईन.

कागदपत्रांत दहावी-बारावीची गुणपत्रके, जीएनएमच्या तिन्ही वर्षांची गुणपत्रके व प्रमाणपत्र, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र (नूतनीकरणासह), अनुभवाचा दाखला, आधार, पॅन आणि चार फोटो आणत आहे. सर्व मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच असतील.

माझी खरी अडचण नावाची आहे. शिक्षणाची कागदपत्रे आणि परिषदेची नोंदणी 'सुजाता शिवाजी पाटील' या माहेरच्या नावाने आहे, तर आधार व पॅन 'सुजाता अमोल चौगले' या नावाने. विवाह नोंदणी प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, नाव बदलाचे राजपत्र मात्र केलेले नाही. मागे एका ठिकाणी एवढ्याच कारणावरून मला छाननीच्या टेबलावरूनच परत पाठवले होते. चार वर्षे आयसीयूत काम केले, पण त्याबद्दल कुणी एक प्रश्नही विचारला नाही. ते फार लागले होते. म्हणून विचारते, विवाह प्रमाणपत्र पुरेल का? सोबत प्रतिज्ञापत्र लागणार असेल तर शनिवारी तहसील कार्यालय बंद असते, तेव्हा शुक्रवारपर्यंत कळवले तर मला ते करून घेता येईल.

आणखी एक विनंती. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. ती सासूबाईंजवळ राहील, पण मध्ये एकदा तिला दूध पाजावे लागेल. त्या दोघींना आवारात बसायला जागा मिळेल का, आणि माझा नंबर लागण्याआधी मला दहा-पंधरा मिनिटे बाहेर जाता येईल का?

उत्तर ई-मेलवर किंवा अर्जातील मोबाइल नंबरवर कळवले तरी चालेल. दुपारी ३ ते रात्री ९ माझी ड्यूटी असते, त्या वेळेत फोन उचलता येत नाही. मेसेज केलात तर सुटल्यावर लगेच पाहीन.

आपली विश्वासू,
सुजाता अमोल चौगले
राधानगरी, जि. कोल्हापूर