औषधनिर्माता पदाच्या अर्जासोबतचे पत्र

दिनांक : 16 जून 2025

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
उपजिल्हा रुग्णालय, कराड,
जि. सातारा

विषय : कंत्राटी औषधनिर्माता पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या रुग्णालयातील औषधनिर्माता पदासाठी मी अर्ज करीत आहे. शिवाजी विद्यापीठाची बी. फार्म. पदवी मी गेल्या वर्षी प्रथम वर्गात मिळवली असून महाराष्ट्र राज्य औषधी परिषदेकडे माझी नोंदणी झाली आहे. पदवीनंतर सातारा जिल्ह्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या औषध विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. माझा अनुभव तेवढाच आहे, पण त्यातूनच मेडिकल दुकानाऐवजी रुग्णालयात काम करायचे हे माझे पक्के झाले.

तिथे ओपीडीच्या खिडकीवर वरिष्ठ औषधनिर्मात्यांच्या हाताखाली मी औषधवाटप करायचे. दम्याचे एक आजोबा महिन्याभराने परत आले आणि म्हणाले, "बाई, गोळ्या नेमानं घेतो, पण धाप काय कमी होत नाही." विचारल्यावर कळले की रोटाकॅप ते पाण्याबरोबर गिळत होते. दिसायला कॅप्सूलच ती, त्यांचा तरी काय दोष? त्यांना रोटाहेलर हातात धरायला लावला, माझ्यासमोर दोनदा ओढायला सांगितले, नंतर गुळणी का करायची तेही समजावले. तेव्हापासून श्वासातून घ्यायचे औषध नुसते तोंडी सांगून मी कधीच दिले नाही.

इन्सुलिनचेही असेच. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या 40 युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. बाहेरून आणलेल्या 100 युनिटच्या, केशरी टोपणाच्या सिरिंजने त्याच बाटलीतून 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढले तर प्रत्यक्षात 8 युनिटच जातात. मग साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि पुढे योग्य सिरिंज हाती आली की साखर एकदम खाली येते. म्हणून इन्सुलिन देताना रुग्णाची सिरिंज पाहायला मागायची, ही सवय मी लावून घेतली. रांग मोठी असते, मागचे लोक कुरकुरतात, हे खरे. तरीही एवढा अर्धा मिनिट मी काढते.

भांडारातले काम मला मनापासून आवडते, हे ऐकून मैत्रिणी हसतात. मुदत आधी संपणारा साठा पुढे लावणे, नावात किंवा वेष्टनात साम्य असलेली औषधे शेजारी न ठेवणे, फ्रिजचे तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ते 2 ते 8 अंशांत राहते का पाहणे, अनुसूची एच-1 मधील औषधांची वेगळी नोंदवही ठेवणे ही कामे मी नियमित केली आहेत. ई-औषधी प्रणालीवर मात्र मी काम केलेले नाही. तिथले सॉफ्टवेअर वेगळे होते. आवक, इंडेंट, बॅच क्रमांक आणि शिल्लक यांचा हिशेब मला येतो, त्यामुळे नवी प्रणाली शिकायला वेळ लागणार नाही असे वाटते.

मी मलकापूरची. आमच्या भागात उसाच्या फडात आणि पावसाळ्यात बांधावर सर्पदंश होतात, हे लहानपणापासून पाहत आले आहे. विषबाधेच्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल प्रतिसर्पविष लागू शकते. त्यामुळे हा साठा आणि रेबीजची लस यांच्या बाबतीत 'संपत आले की मागवू' हे धोरण चालत नाही. हंगाम पाहून मागणी आधीच नोंदवावी लागते. द्रवरूप प्रतिसर्पविष फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि भुकटीरूप बाहेर चालते. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी हा फरक कामाचा ठरतो.

रात्रपाळी व रविवारची पाळी करण्याची माझी तयारी आहे. घर जवळ असल्याने तातडीने बोलावले तरी अर्ध्या तासात पोहोचू शकते. निवड झाल्यास आदेश मिळाल्यापासून आठवड्याभरात रुजू होईन. मुलाखतीच्या वेळी मूळ कागदपत्रे घेऊन हजर राहीन. आपणांस योग्य वाटल्यास एखादी केस पेपरवरची चिठ्ठी देऊन तिच्यातील डोस, औषधांतील परस्परक्रिया आणि रुग्णाला द्यायच्या सूचना यांवर माझी परीक्षा घ्यावी.

सोबत : पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रके, औषधी परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती.

आपली विश्वासू,

सुप्रिया आनंदराव जाधव
मलकापूर, ता. कराड