गच्चीवर सौर पॅनेल: आपलं मत काय?

सभासदहो, नमस्कार. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे ज्या सामायिक मीटरवर चालतात, त्यासाठी सौर पॅनेलचा प्रस्ताव आला आहे. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते, पावसाळ्यात कमी. 10 किलोवॅटचं कोटेशन 6 लाखांचं आहे. केंद्राच्या योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, बाकीचा खर्च आपला. वीजबिल कमी होईल, पण वाळवणं आणि कोजागरीची गच्ची तेवढी आक्रसेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून समितीने आपला कल मुद्दाम सांगितलेला नाही.

आपल्याला काय योग्य वाटतं?

▢ 10 किलोवॅट बसवावेत
▢ 5 किलोवॅट बसवावेत
▢ पॅनेल बसवू नयेत
▢ अजून ठरवलेलं नाही

पर्यायांच्या क्रमाला काही अर्थ नाही. एका फ्लॅटचं एकच मत. रविवारी रात्री 9 पर्यंत बदलता येईल. कोणी काय निवडलं हे दिसणार नाही, आणि तोपर्यंत ग्रुपवर प्रचार नको, ही कळकळीची विनंती. निर्णय सर्वसाधारण सभेतच होईल.