११ जानेवारीचे साहित्य संमेलन : कामाची फोड

संमेलन समितीच्या सर्व सदस्यांसाठी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आजपासून संमेलनाला बरोबर ५६ दिवस आहेत. मागच्या वर्षी आपल्या वहीत "जेवणाचं बघणे" एवढी एकच ओळ होती. तांदूळ आला, आचारी आला. वाढपी कुणी सांगितलेच नव्हते. पंगत उठेना आणि दुपारचे कथाकथन पाऊण तास उशिरा सुरू झाले. पाहुणे काही बोलले नाहीत, पण मला ते लागून राहिले आहे.

म्हणून यंदा आधी "काय तयार हवे" ते लिहिले आहे आणि मग त्यासाठी "काय करायचे" ते. एका कामाला एकच माणूस आणि एकच तारीख लावता येईपर्यंत त्याची फोड केली आहे. जे या कागदावर नाही ते होणार नाही असे समजा. काही सुटले असेल तर बुधवारपर्यंत सांगा.

१. परवानग्या हातात
१.१ शाळेच्या मैदानासाठी एसडीएमसीचे पत्र : अध्यक्ष, २० नोव्हेंबर
१.२ पंचायतीचा ना-हरकत दाखला : उपाध्यक्ष, २५ नोव्हेंबर (१.१ हातात आल्यावरच)
१.३ पोलीस ठाण्यात दिंडीचा मार्ग व ध्वनिक्षेपकाचा अर्ज : कार्यवाह, २८ नोव्हेंबर. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेणे हे वेगळे काम आहे : हायस्कूलचे सर, २६ नोव्हेंबर
१.४ हेस्कॉमकडे तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज : खजिनदार, १५ डिसेंबर

१.३ पुढे ढकलू नका. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले की सगळे पोलीस बंदोबस्तात असतात, मग आपला कागद कोण बघणार?

२. निमंत्रणपत्रिका घराघरांत
ही साखळी सगळ्यात लांब आहे. एक कडी सरकली की मागचे सगळे सरकते.
२.१ संमेलनाध्यक्षांना पत्र : कार्यवाह, १८ नोव्हेंबर. २८ पर्यंत होकार नसेल तर यादीतल्या दुसऱ्या नावाला विचारायचे. १० डिसेंबर ही होकाराची शेवटची तारीख
२.२ परिचय आणि फोटो मागवणे : वाचनालयाचे ग्रंथपाल, १५ डिसेंबर
२.३ चारही सत्रांची नावे व वेळा पक्क्या : कार्यक्रम उपसमिती, १५ डिसेंबर
२.४ मजकूर, मुद्रितशोधन : हायस्कूलचे सर, २० डिसेंबर. दोघांनी वाचल्याशिवाय छापखान्यात देऊ नये
२.५ छपाई : २२ ते २६ डिसेंबर, मध्ये नाताळची सुट्टी धरली आहे
२.६ वाटप, गल्लीनिहाय : युवक मंडळ, २७ डिसेंबर ते ५ जानेवारी. चंदगडकडच्या गावांचे वाटप पहिल्या दोन दिवसांत

३. बाराशे माणसांचे जेवण
एका वेळी २४० पाने बसवली तर पाच पंगती होतात. पंगतीला २५ मिनिटे धरली तरी दोन तास गेले. त्यामुळे यंदा मैदान आणि मंदिराचे आवार अशा दोन जागा. प्रत्येकी २४० पाने, तीन पंगती, सव्वा तास.
३.१ घरोघरी तांदूळ गोळा करणे, माणशी १०० ग्रॅम म्हणजे १२० किलो : महिला मंडळ, २० डिसेंबरनंतर, मळण्या उरकल्यावर
३.२ आचारी ठरवणे : खजिनदार, ३० नोव्हेंबर
३.३ वाढपी २४, एका जागेला १२ : युवक मंडळ. नावांची यादी ४ जानेवारीला माझ्या हातात हवी. "पोरं येतील की" हे उत्तर चालणार नाही
३.४ पाण्याचा टँकर, पत्रावळ्या : उपाध्यक्ष, ९ जानेवारी

४. मंडप, ध्वनी
४.१ वासे, पत्रे वाहून आणणे : ट्रॅक्टरवाले, ६ व ७ जानेवारी. पौष पौर्णिमा ३ तारखेला आहे. सौंदत्तीला गेलेले ट्रॅक्टर परतल्याशिवाय हे काम होत नाही
४.२ मंडप उभारणी : ८ ते १० जानेवारी
४.३ ध्वनी व वीज चाचणी : १० जानेवारी, संध्याकाळी ५. जोडणी (१.४) आणि मंडप दोन्ही झाल्यावरच

५. ग्रंथदिंडी
पालखी, कलशवाल्या महिला, शाळेचे लेझीम पथक हे सगळे भजनी मंडळाचे बुवा वर्षानुवर्षे सांभाळतात. यात मी फोड केलेली नाही. सकाळी ८ ला मंदिरातून निघून ९.३० ला मंडपात, एवढेच पाळायचे.

६. मैदान शाळेला परत
६.१ मंडप सोडणे, खड्डे बुजवणे : १२ जानेवारी सकाळी ६ पासून, शाळा भरण्याआधी
६.२ उष्टे, पत्रावळ्या उचलणे : ११ ला रात्रीच, युवक मंडळ
६.३ जमाखर्च मंदिराच्या फळ्यावर : खजिनदार, १८ जानेवारी

दर रविवारी रात्री ८ ला वाचनालयात बसू. ज्याची तारीख त्या आठवड्यात आहे त्याने यावे आणि "झाले" किंवा "झाले नाही" एवढेच सांगावे. "चालू आहे" असे या कागदावर लिहिणार नाही.

कार्यवाह