वस्तू माळ्यावर, म्हणी तोंडावर

स्लाइड १
जातं गेलं, उखळ गेलं, आणे तर केव्हाच गेले. म्हणी मात्र अजून रोज कामावर आहेत. सरकवत या 👉

स्लाइड २
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
शब्दशः: आड म्हणजे अरुंद विहीर, पोहरा म्हणजे दोराने आत सोडायचं पाणी काढायचं भांडं. विहीरच कोरडी, तर पोहरा रिकामाच वर येणार.
खरा अर्थ: मुळात जे नाही ते बाहेर दिसणार कसं?
आज: वर्षभर पुस्तक उघडलं नाही आणि पेपर हातात पडल्यावर 'काही आठवतच नाही'!

स्लाइड ३
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
शब्दशः: सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे कोंबडी पाव रुपयाची, मसाला पाऊण रुपयाचा. 1957 साली दशमान नाणी आली आणि आणे हिशेबातून गेले. चार आण्यांच्या जागी आलेलं पंचवीस पैशांचं नाणंही 2011 मध्ये बंद झालं. म्हणीतला भाव मात्र तोच!
खरा अर्थ: मूळ गोष्टीपेक्षा वरखर्चच जास्त.
आज: केक सहाशेचा, फुग्यांची कमान चार हजारांची. बर्थडे बॉय वय वर्षे एक, कार्यक्रमभर झोपलेला.

स्लाइड ४
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही
शब्दशः: सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. जळून राख झाली तरी राखेत पीळ तसाच दिसतो.
खरा अर्थ: सगळं गेलं तरी ताठा जात नाही.
आज: रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी बँकेच्या रांगेत साहेबांचं 'मला ओळखलं नाही वाटतं?'

स्लाइड ५
नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे
शब्दशः: सोनाराने फुंकणीत फुंकर मारली, हवा या टोकाने शिरली, त्या टोकाने निघून गेली.
खरा अर्थ: उपदेश केला, उपयोग शून्य.
आज: सोसायटीच्या ग्रुपवर 'ओला-सुका कचरा वेगळा ठेवा'. खाली अंगठ्यांची रांग. सकाळी एकाच पिशवीत मेथीची देठं, डायपर आणि पिझ्झाचा खोका. (पिशवी कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे.)

स्लाइड ६
उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?
शब्दशः: कांडायच्या उखळात स्वतःच डोकं घातलं, मग वरून मुसळ पडणारच.
खरा अर्थ: अवघड काम पत्करलं की त्रासाला घाबरून चालत नाही.
आज: सोसायटीचं सेक्रेटरीपद. आणखी काय सांगू?

स्लाइड ७
जात्यावर बसलं की ओवी सुचते
शब्दशः: पहाटे बाया दळायला बसल्या, खुंटा धरून जातं फिरू लागलं, की ओवी आपोआप ओठांवर यायची. आधी गाणं ठरवून कुणी दळायला बसत नसे.
खरा अर्थ: कामाला हात घातला की पुढचं सुचत जातं.
आज: कोरी फाइल उघडून तासभर फॉन्ट निवडणाऱ्या मित्राला टॅग करा. पहिली ओळ लिही म्हणावं, कशीही.