खरवडलेलं अक्षर

फ्रान्समधल्या तूर शहरी सेंट मार्टिन मठात अख्खं लॅटिन बायबल एका खंडात लिहीत. त्याला दोनशेंहून जास्त कातडी लागत, म्हणून काम जुड्यांमध्ये वाटलेलं असे. साल 820. आल्दोच्या वाट्याला लूकच्या शुभवर्तमानातली एक जुडी आली होती: चार मोठे ताव मधोमध दुमडलेले, 8 पानं, 16 पृष्ठं. कडेला टोचण्यानं भोकं पाडून, बोथट सळईनं शाईविना ओळी आखलेल्या. पानावर दोन स्तंभ, प्रत्येकात पन्नासएक ओळी.

उजव्या हातात हंसाच्या पिसाची लेखणी, डाव्या हातात चाकू. चाकूचं टोक चर्मपत्र दाबून धरतं, लेखणी तासतं आणि चूक झालीच तर खरवडतं. आल्दोनं लिहिलेलं संध्याकाळी म्हातारे तपासनीस मूळ प्रतीशी ताडून बघत. तरुणपणी ते मठाचे तेव्हाचे प्रमुख आल्कुइन यांच्या हाताखाली शिकलेले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंस?"

"एवेर्रित, बाबा."

"मूळ प्रतीत काय आहे?"

"एवेर्तित."

"मग?"

हरवलेल्या नाण्याचा दाखला होता. बाईकडे दहा द्राख्मा, त्यातली एक हरवते. ती दिवा लावते आणि मूळ प्रतीप्रमाणे घर उलथून टाकते.

"बाबा, नाणं सापडल्यावर ती मैत्रिणींना, शेजारणींना बोलावते," आल्दो म्हणाला. "घर उलथलंय तर त्यांना बसवणार कुठं? नाणं हरवलं तर बाई घर झाडते. माझी आई झाडायची. एवेर्रित म्हणजे झाडते. कुणीतरी दुसऱ्या 'र'चा 'त' केलाय."

म्हातारे काही बोलले नाहीत. पेटीतून त्यांनी शुभवर्तमानांची एक जुनी पोथी काढली. लिपी जुनी, शब्द एकमेकांना चिकटलेले. पहिल्या 'र'चा खांदा लांब ओढून पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून नेलेला. ती 'त'ची आडवी रेघ म्हणावी की 'र'चीच शेपटी, सांगता येत नव्हतं. म्हाताऱ्यांनी पान खिडकीशी धरून तिरपं केलं. (दिवा आणायची सोय नव्हती, पुस्तकांच्या खोलीत विस्तव नेत नसत.)

"तुझं बरोबर आहे," ते अखेर म्हणाले. "खरवड."

"बरोबर आहे तर खरवडू कशाला?"

त्यांनी दुसरा खंड उघडला: दोनशेंहून जास्त वर्षांपूर्वीचे पोप ग्रेगरी, त्यांची शुभवर्तमानांवरची प्रवचनं. ग्रेगरींनी 'उलथते' हाच पाठ धरला होता आणि त्यावर अर्थ बसवला होता: घर म्हणजे माणसाचं मन, दिव्याचा उजेड पडला की ते आपल्या पापाच्या जाणिवेनं हादरतं.

"अर्थ सुंदर आहे," आल्दो म्हणाला.

"म्हणूनच पंचाईत आहे. चुकीचा 'त' आता पोपच्या प्रवचनाला टेकून उभा आहे. पुस्तक तिकडे कॅथेड्रलमध्ये जाईल, एकजण वाचेल 'झाडते', दुसरा प्रवचनातून वाचेल 'उलथते'. मग बिशप विचारतील, तूरमध्ये बायबल कोण सुधारतंय? सांगू, सोळा वर्षांचा लहिया?"

"आल्कुइननी सुधारलं होतंच की."

"राजानं सांगितलं म्हणून. जुन्या प्रती ताडून. तू आईच्या केरसुणीवरून सुधारतोयस."

आल्दोनं चाकू घेतला. पातं उभं धरलं तर भोक पडतं, म्हणून जवळजवळ आडवं धरून, एकाच दिशेनं. मायफळ आणि हिराकसाची शाई नुसती वर बसत नाही, चामड्यात मुरते. वरचा थर निघाला तरी तपकिरी खूण राहते. तिच्यासाठी आणखी खोल गेलं तर कातडं पातळ होऊन मागच्या पानावरचं अक्षर झिरपल्यासारखं दिसू लागतं. खरवडलेल्या जागी तंतू उभे राहतात. त्यांवर तसंच लिहिलं तर शाई फुटते. आधी झाव्यानं घासायचं, मग गुळगुळीत हाडानं दाबून बसवायचं, वर चिमूटभर खडूची पूड, आणि ती झटकल्यावरच लेखणी.

आल्दोनं झावा एकदाच फिरवला. पूड टाकली, 'त' लिहिला. नवी शाई फिकट होती. काळी व्हायला वेळ लागणार होता.

म्हाताऱ्यांनी पान पुन्हा तिरपं केलं.

"खालचा 'र' दिसतोय."

"झावा झिजलाय, बाबा."

"पेटीत नवा आहे."

"हो, बाबा."

आल्दो उठला नाही. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग जुडीच्या शेवटच्या पानाखाली तिचा क्रमांक घातला आणि ती तपासलेल्या जुड्यांवर ठेवली.

"पुढच्या जुडीत 'र'चा खांदा आखूड ठेव," ते म्हणाले. "या पुस्तकावरून पुढचं लिहिणाराही तुझ्याच वयाचा असेल."